प्लास्टरला सिमेंट सढळ हाताने घातलं, तरी भिंतभर भेगा. वीटकाम-गिलाव्याचं नेमकं प्रमाण काय?

इंदापूरकर_२
नमस्कार मंडळी. इंदापूरच्या बाजूला आमच्या शेतातल्या प्लॉटवर घर बांधतोय, वीटकाम झालं, आतलं प्लास्टर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. आतल्या भिंती सगळ्या मिळून साधारण १६०० चौरस फूट. मी आयुष्यात एकदाच घर बांधणार म्हणून मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलं होतं की सिमेंटला कंजुषी करू नका, १:६ वगैरे नको, १:४ च करा, म्हणजे एक माप सिमेंटला चारच मापं वाळू, पैसे मी देतो. त्यांनी तसंच केलं. पाणीही आम्ही घरचेच लोक सकाळ-संध्याकाळ मारत होतो, सात दिवस.

आता वीस दिवसांनी भिंतीवर जाळं उठलंय. कोळ्याच्या जाळ्यासारखं, दोन-तीन इंचाचे तुकडे पडल्यासारखं दिसतं. पश्चिमेच्या खोलीत तर भेगा लांब आहेत आणि काही ठिकाणी बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. सिमेंट कमी पडलं असतं तर समजलो असतो, पण इथे जास्त घालून हे झालंय. मिस्त्री म्हणतात ऊन जास्त होतं, सिमेंटवाला म्हणतो वाळू खराब. बाहेरच्या दोन भिंतींचं प्लास्टर अजून व्हायचंय, ते थांबवून ठेवलंय. नक्की काय चुकलं?

साईटवाला
पाणी कमी पडलं. दुसरं काही नाही. एप्रिलमध्ये तुमच्याकडे दुपारी गरम वारा सुटतो, त्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी मारून काय होतंय, दुपारी भिंत कोरडी ठक्क. वीस वर्षं साईट करतोय, भेगा म्हणजे क्युरिंग, हे पाठ करून ठेवा. १:४ ला नाव ठेवायचं कारण नाही, जेवढं सिमेंट तेवढी मजबुती.

मोरपीस
आमच्याकडे पण असंच झालं होतं. कॉलम आणि वीट जिथे मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. चिकनमेश मारली नव्हती. तुम्ही जाळी मारली का?

इंदापूरकर_२
@मोरपीस जाळी मारलीय, कॉलमच्या जोडावर भेग नाहीच आहे. भेगा भिंतीच्या मधोमध आहेत, सगळीकडे.

शिल्पा_तळेगाव
साईटवाला, पाण्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण त्याने पूर्ण उत्तर मिळत नाही. माझं शिक्षण सिव्हिलचं, काम बरीच वर्षं घरांच्या साईटवरच.

मालात आकसतं कोण ते आधी बघा. वाळू आकसत नाही, ती दगड आहे. आकसतो तो सिमेंट आणि पाण्याचा लगदा, कारण सिमेंटला जेवढं पाणी लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आपण माल मऊ व्हावा म्हणून घालतो, आणि ते जादाचं पाणी पुढे आठवडेच्या आठवडे भिंतीतून निघून जात असतं. पाणी गेलं की लगदा आत ओढला जातो. वाळूचे कण एकमेकांना टेकून बसलेले असले तर ते या ओढीला अडवतात. १:६ च्या मालात वाळू भरपूर, लगदा फक्त मधल्या फटी भरण्यापुरता, म्हणून एकूण आकुंचन थोडं. १:३ मध्ये वाळूचे कण लगद्यात सुटे सुटे तरंगतात, एकमेकांना टेकतच नाहीत, मग अडवायला कोण?

दुसरं म्हणजे प्लास्टर मोकळं आकसलं असतं तर फक्त थोडं लहान झालं असतं, भेग पडली नसती. पण ते मागे विटेला चिकटलंय आणि वीट काही आकसत नाही. त्यामुळे प्लास्टर ताणलं जातं. सिमेंटचा माल दाबाला जबरदस्त, ताणाला अगदी दुबळा. आणि जास्त सिमेंटचा माल ताठही जास्त असतो, हळूहळू सैल पडून ताण जिरवून घ्यायची सवय त्याला कमी. हलका माल थोडा "देतो", ताठ माल तुटतो.

पाणी मारल्याने काय होतं, तर आकसणं पुढे ढकललं जातं, तोपर्यंत मालाला ताकद येते. म्हणून क्युरिंग हवंच. पण क्युरिंग कधीतरी थांबणार आणि भिंत कधीतरी वाळणार. लगदा जास्त असेल तर तेव्हा तो आकसणारच.

साईटवाला
ताई थिअरी ठीक आहे, पण मग स्लॅबच्या खाली छताला आपण १:४ च मारतो ना? तिथे का नाही भेगा पडत?

शिल्पा_तळेगाव
छताचा थर जेमतेम ६ मिमी आणि मागे काँक्रीट, विटेपेक्षा कितीतरी दणकट. तिथे मागचा भाग ओढ सहन करतो. नियम असा धरा की बाहेरचा थर मागच्यापेक्षा कमजोर हवा, निदान जास्त दणकट तरी नको. वीटही बघा, आपल्याकडच्या गावभट्टीच्या विटेची ताकद साधारण ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास धरतात, बऱ्याचदा तेवढीही नसते. १:६ चा माल २८ दिवसांनी जवळपास ३ न्यूटनला जातो. म्हणजे विटेच्या जोडीला १:६ बरोबर बसतो. त्याच्यावर दुपटी-तिपटीने ताठ थर चढवला की जिंकणार थर, आणि हरणार ती विटेची साल.

चिऱ्याचं_घर
हे वाचून आमचं कोडं सुटलं. रत्नागिरीला जुनं चिऱ्याचं घर, मूळ गिलावा चुन्याचा होता, काही ठिकाणी गळत होता म्हणून भावाने तो काढून दणदणीत सिमेंटचा केला. दोन पावसाळे बरा राहिला. तिसऱ्या वर्षी दाराशेजारून ताटाएवढा पापुद्रा पूर्ण पडला आणि त्याच्या पाठीला चिऱ्याची लाल भुकटी चिकटलेली होती. म्हणजे प्लास्टर फुटलं नाही, त्याने चिराच सोलून आणला. आम्ही तेव्हा चिऱ्यालाच दोष दिला होता. चुन्याचा परत करता येईल का आता?

शिल्पा_तळेगाव
येईल, पण त्याला वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. तुम्ही पापुद्र्याची पाठ बघितलीत हे फार चांगलं केलंत. पाठ स्वच्छ असेल तर चिकटलंच नव्हतं, पाठीला वीट किंवा चिरा लागलेला असेल तर माल जास्त ताठ होता.

इंदापूरकर_२
म्हणजे मीच १:४ सांगून चूक केली? पण ताई, १:४ तर बरेच जण करतात, सगळ्यांच्या भिंतीला असं जाळं येत नाही. मला अजून काहीतरी असावं असं वाटतंय.

शिल्पा_तळेगाव
तुमची शंका रास्त आहे. एक हिशोब करू. आतल्या प्लास्टरला एकूण पोती किती लागली? थर किती जाड आहे ते स्विचच्या बॉक्सशेजारी पट्टी लावून मोजा. आणि शेवटी रंधा मारताना वरून कोरडं सिमेंट टाकलं होतं का?

इंदापूरकर_२
वहीत बघितलं. आतल्या प्लास्टरला २२ पोती, ५० किलोची. बॉक्सशेजारी पाच ठिकाणी मोजलं, १४ ते १६ मिमी. कोरडं सिमेंट हो, टाकलं होतं, मिस्त्री मुठीने भिंतीवर फेकायचे आणि लगेच थापीने घोटून गुळगुळीत करायचे. मला ते फिनिशिंग वाटलं, छान चकचकीत दिसत होतं.

शिल्पा_तळेगाव
मग बघा. सरासरी १५ मिमी धरलं तर १०० चौरस फुटाला ओला माल साधारण ०.१४ घनमीटर लागतो. सिमेंट-वाळू कोरडी मोजून मिसळली की दबून कमी होते, म्हणून तीस टक्के जादा धरायचे, ०.१८ झाले. त्यात १:५ ला सिमेंट लागतं ४३ किलोच्या आसपास, १:४ ला ५२, आणि १:३ ला ६५. तुमची २२ पोती म्हणजे ११०० किलो, भागिले १६, म्हणजे १०० फुटाला ६९ किलो. हे १:४ नाही. हे १:३ च्याही वर गेलंय.

सांडलवंड थोडी धरली तरी एवढा फरक सांडण्यात जात नाही. बोललं गेलं १:४, भिंतीवर दुसरंच लागलं.

थापी_रंधा
मी गवंडी आहे, कोल्हापूरचा. मिस्त्रींनी फसवलं असं मला वाटत नाही, फसवायचं असतं तर सिमेंट कमी घातलं असतं. वाळू कुठली होती ते सांगा आधी. दगड फोडून केलेली क्रश सँड, धुतलेली?

इंदापूरकर_२
हो, धुतलेली, प्लास्टरची बारीक. ट्रकमधून आली तेव्हा पाणी गळत होतं. चार-पाच दिवस पडून होती, वर ताडपत्री.

थापी_रंधा
मग तिथेच गोम आहे. वाळू पूर्ण कोरडी असली किंवा पूर्ण पाण्यात असली तर नीट बसते. पण नुसती ओलसर असली, मुठीत दाबली की गोळा होतो अशी, तेव्हा ती फुगते. कणांना पाण्याचा पापुद्रा धरतो आणि ते एकमेकांपासून लांब राहतात. घमेलं भरलेलं दिसतं पण आत हवा. बारीक वाळू जास्त फुगते.

घरी करून बघा, काचेचा उभा ग्लास किंवा बरणी घ्या. ढिगाच्या आतली ओलसर वाळू न दाबता भरा, उंची मोजा. मग वाळू काढून घ्या, बरणीत अर्धं पाणी घाला, तीच वाळू परत टाका, काठीने ढवळा आणि बसू द्या. परत उंची मोजा. किती खाली बसली ते कळेल.

दुसरं, पोतं आणि घमेलं यांचं माप कुणी लावलेलं नसतं. सिमेंट पोत्याने आणि वाळू घमेल्याने. एका पोत्याचं सिमेंट ३५ लिटर जागा घेतं. तुमचं घमेलं किती लिटरचं आणि बिगारी ते शीग लावून भरतो का सपाट, यावर सगळं. मी साईटला गेलो की पहिल्या दिवशी एक पोतं घमेल्यात ओतून मोजतो. आमच्या घमेल्याने साडेतीन भरतात. मग १:५ ला साडेसतरा घमेली वाळू, आणि ती ओलसर असली तर बाविसाच्या जवळ. ज्याला फरमा बनवता येतो त्याने ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा खोका करावा, बरोबर ३५ लिटर, एका पोत्याला सपाट पाच खोके. घमेलं मोजायचं कामच राहत नाही.

इंदापूरकर_२
बरणी केली. भरली २० सेंटिमीटर, पाण्यात बसली १६ वर. दोनदा केलं, दुसऱ्यांदा १६ ला थोडी कमी.

शिल्पा_तळेगाव
म्हणजे ४ सेंटिमीटर फुगवटा १६ वर, २५ टक्के. मिस्त्रींनी प्रामाणिकपणे चार मापं घातली असतील, त्यात खरी वाळू सव्वातीनच्या आत होती. त्या हिशोबाने १०० फुटाला साधारण ६२ किलो सिमेंट. तुमचे ६९. उरलेले सहा-सात किलो म्हणजे ती मुठीने फेकलेली कोरडी साय, आणि थोडी सांड. हिशोब जुळला की नाही? १:४ म्हणणारा खोटं बोलत नव्हता.

पुढच्या वेळी त्याच वाळूत १:५ हवं असेल तर पाचऐवजी सव्वासहा मापं ओलसर वाळू घ्यावी लागेल. भर पावसात ढीग पूर्ण भिजला तर परत पाचच्या जवळ या. बरणी रोज सकाळी एकदा करायची, पाच मिनिटांचं काम.

साईटवाला
बरणीचं मी मान्य करतो, आमच्याकडे काँक्रीटला करतात, प्लास्टरला कुणी करत नाही. पण कोरडं सिमेंट सगळेच मारतात हो. नाहीतर फिनिश येत नाही.

थापी_रंधा
सगळे मारतात हे खरं आहे, मीही पूर्वी मारायचो. का मारतो ते सांगतो. माल पातळ झाला किंवा थर एकदम जाड घेतला की तो लवकर ओढत नाही, पट्टी मारली तरी खाली घसरतो. गवंड्याला संध्याकाळच्या आत भिंत उरकायची असते. कोरडं सिमेंट वरचं पाणी पिऊन घेतं, लगेच रंधा फिरतो. पण मग वर दोन मिमीची अशी साय तयार होते की जिच्यात वाळूच नाही. ती नुसत्या लगद्याचीच, तीच सर्वांत जास्त आकसणार. जाळं उठतं ते तिचंच.

आणि क्रश सँडला आम्ही सिमेंट वाढवतो त्याचंही कारण आहे. कण टोकदार असतात, माल खरखरीत होतो, थापीला लागत नाही. सिमेंट वाढवलं की लोण्यासारखा चालतो. पूर्वी नदीच्या वाळूला १:६ मध्येही असं व्हायचं नाही.

शिल्पा_तळेगाव
त्यावर जुना इलाज चुना आहे. एक सिमेंट, एक भिजवलेला चुना, सहा वाळू. चुना पाणी धरून ठेवतो, माल मऊ चालतो, आणि ताठपणा वाढत नाही. हल्ली चांगला चुना मिळायची पंचाईत आहे ते मान्य. पण क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त असेल तर चुनाही वाचवू शकत नाही, भुकटी पाणी पिते आणि आकुंचन तिकडून वाढतं.

इंदापूरकर, आता एक काम करा. भिंत फवारून पूर्ण ओली करा आणि वाळताना बघत बसा. भिंत पांढरी होत जाईल आणि भेगा शेवटपर्यंत काळ्या रेघांसारख्या ओल्या राहतील. किती आणि कुठे ते सगळं स्पष्ट दिसेल. मग दोन ठिकाणी, एक जाळ्यावर आणि एक पश्चिमेच्या खोलीत पोकळ वाजतं तिथे, छिन्नीने तुकडा काढा.

इंदापूरकर_२
केलं. हॉलमधला तुकडा काढायला त्रास झाला, घट्ट चिकटलेला आहे. कडेला बघितलं तर वर दीड-दोन मिमी गडद राखाडी गुळगुळीत थर आणि भेग तिथेच संपते, खाली वाळूचा माल अखंड. पश्चिमेच्या खोलीत मात्र छिन्नी लावली आणि हाताएवढा तुकडा आपोआप आला, भेग आरपार विटेपर्यंत. पाठीला विटेची लाली थोडीच, बाकी पाठ स्वच्छ, आणि विटांचे सांधे पूर्ण भरलेले, सपाट.

थापी_रंधा
सांधे खरवडले नाहीत. वीटकाम ओलं असतानाच सांधा अर्धा इंच आत खरवडायचा असतो, प्लास्टर त्यात दात रोवतं. त्यात भिंत आदल्या दिवशी भिजवली नसेल तर पश्चिमेच्या तापलेल्या विटेने मालातलं पाणी लगेच ओढलं, चिकटायच्या आतच. वीट कोरडी होती का?

इंदापूरकर_२
त्या खोलीला दुपारी काम केलं. आधी एक बादली शिंपडली होती एवढं आठवतं.

शिल्पा_तळेगाव
म्हणजे दोन खोल्यांत दोन वेगळे रोग आहेत. हॉलमधलं जाळं वरच्या सायीचं, त्याला तोडफोड करू नका. पण लगेच पुट्टीही भरू नका, भिंत अजून आकसतेय, आज भरलेली भेग महिन्याने शेजारी उघडेल. दोन-तीन महिने भिंत सुकू द्या, मग पॉलिश पेपरने साय खरवडून पुट्टी. पश्चिमेच्या खोलीत जिथे पोकळ वाजतं तेवढं चौकोनी कापून काढा, सांधे खरवडा, विटेला टाचे मारा, आदल्या दिवशी भिजवा, आणि परत करताना १:५.

साईटवाला
मी असतो तर ती खोली पूर्ण काढली असती. तुकडे जोडले की जोडावर रेघ उठतेच.

शिल्पा_तळेगाव
उठू शकते. पण जे घट्ट आहे ते काढताना विटाही हलतात. मी वाजवून ठरवेन, निम्म्याहून जास्त पोकळ असेल तर मीही पूर्ण काढेन.

मोरपीस
एक विचारू का, विटा रचतानाही मग १:६ च का? आमच्या इथे आतल्या अर्ध्या विटेच्या भिंतीला मिस्त्रींनी १:४ वापरला, तो चुकीचा?

थापी_रंधा
नाही, तो बरोबर. साडेचार इंची भिंत बारीक, तिला १:४ आणि दर तीन-साडेतीन फुटाला गज टाकून काँक्रीटची पट्टी. नऊ इंचीला १:६. नऊ इंचीला कडक माल वापरला आणि पाया जरा बसला तर भेग विटा फोडून सरळ वर जाते. १:६ असेल तर तीच भेग सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी जाते, वीट वाचते, सांधा परत भरता येतो.

इंदापूरकर_२
बाहेरच्या दोन भिंतींचं मग असं ठरवू का: सांधे खरवडून, आदल्या संध्याकाळी भिजवून, पहिला थर १२ ते १५ मिमी, फरमा लावून मोजलेला १:४, त्याला आडव्या रेघा ओढून ठेवायच्या. दुसरा थर ६-८ मिमी, १:६. कोरडं सिमेंट अजिबात नाही. सकाळी साडेदहाच्या आत पश्चिमेचं काम बंद, आणि वर ओलं गोणपाट. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आहे, म्हणून पाणी सातऐवजी दहा-बारा दिवस.

थापी_रंधा
बरोबर. दुसरा थर दुसऱ्या दिवशी घ्या, पहिला ओला असताना चिकटतो चांगला.

शिल्पा_तळेगाव
इथे माझं वेगळं मत. पहिल्या थराला निदान चार-पाच दिवस आकसू द्या, त्याच्या भेगा त्याच्यातच पडू देत, मग भिजवून दुसरा थर. पहिला १:४ न ठेवता १:५ ठेवलात तर उत्तमच, तुमची वीट भट्टीची आहे.

थापी_रंधा
ताई, चार दिवसांनी परत परांची बांधायची आणि धूळ बसलेला थर धुवायचा, गावाकडे हे होत नाही. मी दुसऱ्या दिवशी घेतलेल्या भिंती बारा वर्षं उभ्या आहेत.

इंदापूरकर_२
एक भिंत दुसऱ्या दिवशी आणि एक पाच दिवसांनी करून बघतो, दोन्ही पश्चिमेलाच तोंड करून आहेत, माल दोन्हीकडे १:५. आज मिस्त्रींना बोलावून बरणी दाखवली, त्यांनी स्वतःच्या हाताने परत करून बघितली आणि म्हणाले उद्या सुताराकडून फरमा करून आणतो. फवारून काढलेले फोटो दिवाळीच्या सुमारास इथेच टाकेन.